‘पाच ते सात कामाचे दिवस’ नेमके कोणाचे?

परत केलेल्या वस्तूचे पैसे कधी येतील, असे विचारले की उत्तर ठरलेले असते. इंदूरच्या जेल रोडवरचा मोबाइलवाला असो की ऑनलाइन दुकानाच्या कॉल सेंटरवरची मुलगी, दोघांच्या तोंडी एकच वाक्य: ‘सर, पाँच-सात वर्किंग डे लगेंगे, बैंक से आएगा.’ ग्राहकही मान डोलावतो. बँकेचे काम म्हटले की उशीर आलाच, हे आपण गृहीत धरलेले आहे.

हे उत्तर अर्धेच खरे आहे. कार्डावर पैसे परत यायला बँकांना दोन-तीन दिवस खरोखरच लागतात आणि त्याला सबळ कारण आहे. उरलेले दिवस मात्र बहुतेक वेळा विक्रेत्याच्या घरात जातात, आणि ते मोजणारा कोणताही नियम आज नाही. ग्राहकाला सांगितली जाणारी मुदत या दोन्ही दिवसांची खिचडी असते. रिफंड मंजूर झाल्यावर तो प्रत्यक्ष पाठवल्याची तारीख आणि त्याचा क्रमांक दुसऱ्या दिवसापर्यंत ग्राहकाच्या हातात पडलाच पाहिजे, आणि तिथून पुढच्या उशिराला दंड हवा, अशी आमची मागणी आहे. ती का, हे समजायला पैसा कोणत्या वाटेने परत येतो ते पाहावे लागेल.

आधी एक साधी शंका. एनईएफटी डिसेंबर २०१९पासून चोवीस तास, दर अर्ध्या तासाला चालते. आयएमपीएस आणि यूपीआयने रविवारी रात्री बारा वाजताही पैसे पोचतात. मग रिफंडलाच एवढा वेळ का? कारण कार्डाचा रिफंड या वाटांनी जातच नाही. कार्ड स्वाइप केल्यावर मशीनवर ‘APPROVED’ दिसते तेव्हा दुकानदाराला पैसे मिळालेले नसतात. तुमच्या बँकेने फक्त होकार दिलेला असतो आणि तेवढी रक्कम अडवलेली किंवा वजा केलेली असते. दिवसभराचे असे व्यवहार एका गठ्ठ्यात दुकानदाराच्या बँकेकडे जातात, तिथून व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या नेटवर्ककडे आणि मग तुमच्या बँकेकडे. बँकाबँकांतला हिशोब त्यानंतर होतो.

रिफंड म्हणजे हा व्यवहार पुसून टाकणे नव्हे. तो उलट्या दिशेचा नवा व्यवहार असतो आणि त्यालाही तोच गठ्ठा, तेच नेटवर्क, तोच हिशोब पार करावा लागतो. हल्ली काही ठिकाणी रिफंडची सूचना तुमच्या बँकेला लगेच मिळते आणि ॲपमध्ये ‘प्रलंबित’ म्हणून ती दिसतेही. पण पैसे त्या सूचनेबरोबर येत नाहीत, ते गठ्ठ्यातूनच येतात. मध्ये दुसरा किंवा चौथा शनिवार आला आणि त्याला रविवार जोडून आला की दोन दिवस सहज वाढतात.

याला एक पळवाट आहे. दुकानात समोरासमोर खरेदी केली असेल तर ती फार उपयोगाची आहे, पण ग्राहकांना ती क्वचितच माहीत असते. जेल रोडवर दुपारी अठरा हजारांचा फोन घेतला आणि तासाभरात लक्षात आले की मॉडेल चुकले. दुकानदार पैसे परत द्यायला तयार आहे. अशा वेळी त्याला ‘रिफंड करा’ म्हणू नका, ‘VOID करा’ म्हणा. दिवसाचा गठ्ठा अजून मशीनमध्येच असतो. रात्री दुकान बंद करताना दुकानदार तो बँकेकडे पाठवतो किंवा मशीन आपोआप पाठवते. त्याआधी VOID निवडून पावतीवरचा इनव्हॉइस नंबर टाकला की व्यवहार गठ्ठ्यातून निघून जातो आणि तुमच्या बँकेला ‘होकार मागे घ्या’ असा संदेश जातो. मशीनमधून VOID छापलेली पावती निघते, ती जपून ठेवायची. क्रेडिट कार्डावरची प्रलंबित नोंद नाहीशी होते आणि डेबिट कार्डावर अडवलेले पैसे बहुधा त्याच दिवशी किंवा एक-दोन दिवसांत मोकळे होतात.

हेच काम दुसऱ्या दिवशी सकाळी करायला गेलात तर गठ्ठा पुढे गेलेला असतो. आता खराखुरा रिफंड करावा लागतो, आणि अनेक छोट्या दुकानांच्या मशीनवर ती सोय चालूच नसते. दुकानदाराला आपल्या बँकेला मेल किंवा अर्ज करावा लागतो. VOID साधारणपणे पूर्ण रकमेचेच होते, हीही एक मर्यादा. तीन वस्तूंपैकी एकच परत करायची असेल तर सगळे बिल रद्द करून दोन वस्तूंसाठी कार्ड पुन्हा स्वाइप करणे सोयीचे पडते.

‘एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? माझ्या खात्यात सरळ आयएमपीएस करा की,’ असे ग्राहक म्हणतो. म्हणणे चुकीचे वाटत नाही, पण यात धोका आहे. चोरलेल्या कार्डाने खरेदी करायची, वस्तू परत करायची आणि पैसे स्वतःच्या खात्यात घ्यायचे, एवढे सोपे ते होईल. क्रेडिट कार्डाची मर्यादा रोखीत बदलून घेणाऱ्यांचीही सोय होईल. म्हणून पेमेंट ॲग्रिगेटरसाठी, म्हणजे ऑनलाइन विक्रेत्यांच्या वतीने ग्राहकांचे पैसे गोळा करून त्यांना देणाऱ्या कंपन्यांसाठी, रिझर्व्ह बँकेने घालून दिलेल्या नियमांनुसार, ग्राहकाने खास संमती दिल्याशिवाय रिफंड मूळ मार्गानेच जायला हवा. कार्डाने दिलेले कार्डावर, यूपीआयने दिलेले त्याच खात्यावर. हा नियम योग्य आहे आणि तो टिकायला हवा. कार्डाच्या वाटेवरचे दोन-तीन दिवस ही त्याची किंमत आहे.

आमचा आक्षेप पुढच्या गोष्टीला आहे. एक उदाहरण तारखांसह मांडून पाहू. राजेंद्रनगरमधल्या एका घरी क्रेडिट कार्डाने १४,२०० रुपयांचे पाणी शुद्ध करणारे यंत्र ऑनलाइन मागवले, ३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. यंत्र गळके निघाले. शुक्रवारी, ७ तारखेला, डिलिव्हरीवाला ते परत घेऊन गेला आणि संध्याकाळी मोबाइलवर संदेश आला: रिफंड इनिशिएटेड, पाच ते सात कामाच्या दिवसांत रक्कम जमा होईल. घरच्यांच्या समजुतीप्रमाणे पैसे विक्रेत्याकडून निघाले आणि आता बँकेत आहेत.

प्रत्यक्षात तो संदेश विक्रेत्याच्या ऑर्डरच्या सॉफ्टवेअरने पाठवलेला असतो. पैशांच्या वाटेवर अजून काहीच हललेले नसते. ८ तारीख दुसरा शनिवार, ९ रविवार. सोमवारी यंत्र गोदामात पोचते, मंगळवारी कोणीतरी खोके उघडून तपासते. हिशोब विभाग दिवसभराचे मंजूर रिफंड एकत्र करून बुधवारी, १२ तारखेला, पेमेंट ॲग्रिगेटरकडे पाठवतो. ॲग्रिगेटर ही रक्कम विक्रेत्याला द्यायच्या पैशांतून वळती करतो. त्या दिवशी विक्रेत्याच्या खात्यात पुरेशी शिल्लक नसेल तर रिफंड तिथेच रांगेत थांबतो आणि ग्राहकाला त्याचा पत्ताही लागत नाही. आपल्या उदाहरणात शिल्लक आहे असे धरू. १२ तारखेला व्यवहार विक्रेत्याच्या बँकेकडून निघतो, १३ला नेटवर्कमधून जातो आणि १४ला, शुक्रवारी, कार्डावर नोंदला जातो. एकूण सात दिवस. त्यांतले पाच विक्रेत्याकडे गेले, दोन बँकांकडे. ग्राहकाने सातही दिवस शिव्या घातल्या त्या बँकेला.

ही फोड बाहेरून ओळखता येते. कार्डाच्या प्रत्येक रिफंडला विक्रेत्याच्या बँकेकडून एक २३ अंकी क्रमांक मिळतो. त्याला एआरएन म्हणतात. तो विक्रेत्याकडे मागायचा. त्यातला पहिला अंक आणि त्यानंतरचे सहा अंक विक्रेत्याच्या बँकेच्या ओळखीचे वगैरे असतात. आठव्यापासून अकराव्यापर्यंतचे चार अंक म्हणजे तारीख: पहिला अंक वर्षाचा शेवटचा आकडा आणि पुढचे तीन त्या वर्षातला कितवा दिवस. आपल्या उदाहरणातला क्रमांक असा दिसेल:

```
7xxxxxx5316xxxxxxxxxxxx
```

५ म्हणजे २०२५ आणि ३१६वा दिवस म्हणजे १२ नोव्हेंबर. ‘आम्ही तर सातलाच पाठवलेत’ असे विक्रेता म्हणत असेल तर हे चार अंक त्याचे म्हणणे खोडून काढतात. कधीकधी ग्राहकाला गप्प करण्यासाठी मूळ खरेदीचाच क्रमांक पाठवला जातो. तोही याच चार अंकांनी पकडता येतो, कारण तिथे 5307 किंवा 5308 अशी खरेदीच्या आसपासची तारीख निघेल. आणि एआरएन मिळतच नसेल तर बहुधा रिफंड अजून निघालेलाच नाही. याउलट एआरएनमधली तारीख आठवडाभर जुनी आहे आणि कार्डावर काहीच नाही, असे असेल तर चेंडू तुमच्या बँकेच्या कोर्टात आहे. तो क्रमांक बँकेला दिला की तिला व्यवहार शोधता येतो. नुसती रक्कम आणि दुकानाचे नाव सांगून फारसे काही हाती लागत नाही.

यूपीआयची गोष्ट वेगळी आहे आणि विक्रेत्यांना तिथे लपायला जागा कमी आहे. यूपीआयवर रिफंड ऑनलाइन केला तर काही सेकंदांत खात्यात येऊ शकतो, कारण जाताना ज्या वाटेने पैसे गेले तीच वाट परत येताना उघडी असते. तरीही तीन-चार दिवस लागतात, कारण कित्येक विक्रेते रिफंड एकेक न करता फाइलमध्ये साठवून पाठवतात. यूपीआयने दिलेल्या पैशांसाठीही कोणी ‘पाच-सात दिवस बँकेला लागतात’ म्हणाला, तर ते धादांत खोटे समजायला हरकत नाही. नेटबँकिंग यातले सगळ्यात रटाळ. प्रत्येक बँकेची रिफंडची फाइल घेण्याची पद्धत आपापली आणि काहींची अजून दिवसातून एकदाच, म्हणून तिथे आठवडा लागला तर नवल वाटू नये. त्याच कंपनीच्या वॉलेटमध्ये मात्र पैसे तत्काळ येतात, कारण ते कंपनीच्या वहीबाहेर पडतच नाहीत. रिफंडसाठी वॉलेट किंवा ‘स्टोअर क्रेडिट’ घ्यायचा आग्रह का होतो, ते इथे कळते. ग्राहकाला वेग मिळतो आणि विक्रेत्याला पैसे स्वतःकडे ठेवायला मिळतात. शिवाय कार्डाच्या व्यवहारावर विक्रेत्याने भरलेले शुल्क रिफंडनंतर त्याला अनेकदा परत मिळत नाही, हेही त्याच्या आग्रहामागे असते.

आता कायद्याकडे वळू. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ला एक परिपत्रक काढले. त्यानुसार खात्यातून पैसे गेले पण दुकानदाराला व्यवहार पूर्ण झाल्याचे कळले नाही, तर कार्ड असो की यूपीआय, व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे परत यायला हवेत. यूपीआयने कोणाला पैसे पाठवले आणि त्याला ते पोचले नाहीत, तर एकाच दिवसात. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला ग्राहकाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने तक्रार करायची वाट न पाहता. हा नियम चांगला आहे, पण तो फक्त फसलेल्या व्यवहारांना लागू आहे. व्यवहार नीट झाला, वस्तू आली, ती परत केली आणि विक्रेत्याने रिफंड मंजूर केला, तर १०० रुपयांचा हा नियम तिथे लागत नाही. कस्टमर केअरशी भांडताना बरेच लोक याच परिपत्रकाचा दाखला देतात आणि तोंडघशी पडतात.

त्यांच्यासाठी आहेत २०२०चे ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम. मंजूर झालेल्या रिफंडचे पैसे रिझर्व्ह बँक वगैरेंनी ठरवल्याप्रमाणे आणि ‘वाजवी कालावधीत’ द्यावेत, एवढेच त्यांत म्हटले आहे. वाजवी म्हणजे किती दिवस, हे त्यांत नाही. रिझर्व्ह बँकेचे आकडे फसलेल्या व्यवहारांसाठी, आणि ग्राहक नियमांत आकडाच नाही. या दोहोंमधल्या फटीत राजेंद्रनगरच्या त्या घराचे पाच दिवस पडले.

ही फट बुजवायला कार्डाच्या नेटवर्कला हात लावायची गरज नाही. विक्रेत्याने रिफंड मंजूर केला की दुसऱ्या दिवसाच्या अखेरीपर्यंत तो पेमेंट ॲग्रिगेटरकडे पोचला पाहिजे, आणि पोचल्यावर ग्राहकाला जाणाऱ्या संदेशात दोन गोष्टी हव्यात: पाठवल्याची तारीख आणि एआरएन, किंवा यूपीआय असेल तर १२ अंकी व्यवहार क्रमांक. एआरएन तयार व्हायला एखादा दिवस जास्त लागला तर तो पाठोपाठ पाठवावा. ‘इनिशिएटेड’ हा शब्द त्याआधी वापरायला बंदी असावी. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये, जसे फसलेल्या व्यवहाराला आहेत तसेच, आणि ते उशीर ज्याच्याकडे झाला त्याच्या खिशातून.

यावर व्यापाऱ्यांचे म्हणणे आम्ही ऐकले आहे आणि ते अगदीच उडवून लावण्यासारखे नाही. परत आलेल्या खोक्यात यंत्राऐवजी वीट निघते, वापरलेले कपडे ‘नवे’ म्हणून परत येतात, मग तपासल्याशिवाय पैसे कसे सोडायचे? रास्त आहे. म्हणूनच आमची मुदत मंजुरीपासून मोजायची, वस्तू उचलल्यापासून नव्हे. तपासायला तीन दिवस लागत असतील तर ‘तपासणी चालू आहे, अमुक तारखेपर्यंत सांगू’ असे कळवावे. त्याला कोणी हरकत घेणार नाही. हरकत आहे ती, तपासणी चालू असताना ‘पैसे निघाले’ सांगून बँकेवर ढकलण्याला.

दुसरा मुद्दा खेळत्या भांडवलाचा. एम. टी. क्लॉथ मार्केटमधल्या लहान कापडविक्रेत्याकडे आज दहा रिफंड आले आणि ॲग्रिगेटरकडची शिल्लक कालच खात्यावर वळती झाली असेल, तर तो पैसे कुठून आणणार? इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. परत केलेल्या वस्तूचे पैसे विक्रेत्याचे राहिलेले नसतात. ते फिरवून धंदा चालत असेल तर तो ग्राहकाकडून बिनव्याजी घेतलेला उधार आहे. ॲग्रिगेटर विक्रीच्या काही टक्के रक्कम रिफंडसाठी राखून ठेवू शकतो, आणि काही ॲग्रिगेटर तशी ठेवतातही. लहान विक्रेत्यांना पहिली काही वर्षे मुदत दोन दिवसांची दिली तरी चालेल, पण मुदत हवी.

हे सगळे होईपर्यंत क्रेडिट कार्डवाल्यांनी एका गोष्टीत सावध राहावे, कारण तिथे उशीर थेट पैशांत मोजावा लागतो. आपल्या उदाहरणात बिल १० नोव्हेंबरला निघाले, रक्कम २१,७०० आणि शेवटची तारीख ३०. त्यात यंत्राचे १४,२०० धरलेले आहेत. रिफंड १४ला, म्हणजे शेवटच्या तारखेआधी आला. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांप्रमाणे बँकेने तो लगेच देय रकमेत वळता करून तसे कळवायला हवे, म्हणजे भरायचे उरले ७,५००. तसे ॲपमध्ये दिसते का ते आधी पाहावे. पण रिफंड ३० तारखेपर्यंत आलाच नाही, तर ‘तेवढे येणारच आहेत’ म्हणून १४,२०० कमी भरू नयेत. बिल पूर्ण भरले नाही तर व्याज फक्त त्या रकमेवर लागत नाही, व्याजमुक्त मुदतच जाते आणि नव्या खरेदीवरही व्याज सुरू होते. पूर्ण भरावे. रिफंड नंतर येईल तेव्हा तो पुढच्या बिलात जमा धरला जातो. खरेदी ईएमआयवर केली असेल तर रिफंड आल्यावरही हप्ते चालूच राहू शकतात. बँकेला कळवून ईएमआय रद्द करून घ्यावा, आणि प्रक्रिया शुल्क व त्यावरचा जीएसटी परत मिळेल अशी आशा धरू नये.

विक्रेता मंजुरी देऊनही एआरएन देत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. कार्डाने पैसे दिले असतील तर त्याहून चांगले हत्यार तुमच्याच बँकेकडे आहे: चार्जबॅक, म्हणजे तुमच्या बँकेने कार्डाच्या नेटवर्कमार्फत विक्रेत्याच्या बँकेकडून पैसे परत मागणे. मंजूर रिफंड मिळाला नाही, या कारणासाठी नेटवर्कच्या नियमांत वेगळी सोय आहे. त्यासाठी रिफंड मंजूर केल्याचा विक्रेत्याचा संदेश किंवा मेल हाच पुरावा असतो आणि त्यानंतर साधारण १५ दिवस थांबावे लागते. चार्जबॅकची एकूण खिडकी साधारण १२० दिवसांची असते. ‘दोन दिवसांत होईल’ ऐकत चार-चार महिने काढणाऱ्यांची ती हातातून जाते. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा पटेल असे दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. तक्रारीत मंजुरीची तारीख, एआरएन आणि बँकेला कळवल्याची तारीख क्रमाने लिहावी. उशीर कोणाकडे झाला, ते मग तिथल्या अधिकाऱ्याला वेगळे शोधावे लागत नाही.